दोन मिनिटं झाली, फॉग अजून कलकत्त्यातच

वाचनदिनाच्या बारा दिवस आधी सातवीतल्या एका मुलीनं माझ्यासमोर आपलं भाषण पहिल्यांदा म्हणून दाखवलं. मी मोबाइलवर वेळ लावली आणि ऐकत बसले. दोन मिनिटं संपली तेव्हा पुस्तकाचा नायक कलकत्त्यात उतरत होता. त्याला अजून हाँगकाँग, योकोहामा, सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्क करून लंडनला परतायचं होतं. मी तिला थांबवलं नाही. भाषण संपलं तेव्हा घड्याळात चार मिनिटं चाळीस सेकंद झाली होती, आणि शेवटचं मिनिटभर ती श्वास न घेता धावत होती.

पुस्तक होतं ज्यूल्स व्हर्नचं, ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करायची पैज लावणाऱ्या फिलिअस फॉगचं. निवड तिची होती. नियम साधे होते. एक पुस्तक, दोन मिनिटं, हातात कागद नको. पावणेदोन मिनिटांना एक घंटा, दोन मिनिटांना दुसरी, आणि मग माइक पुढच्या मुलाकडे.

तिचा पहिला मसुदा मी ठेवला आहे. पाचशेच्या वर शब्द. सुरुवात नेहमीची: आदरणीय व्यासपीठ, गुरुजनवर्ग, माझ्या बालमित्रमैत्रिणींनो, आज मी तुमच्यासमोर जे दोन शब्द मांडणार आहे ते तुम्ही शांतचित्ताने ऐकावेत ही नम्र विनंती. त्यानंतर लेखकाचा जन्म १८२८ चा, मृत्यू १९०५ चा, तो फ्रेंच होता, विज्ञानकथांसाठी प्रसिद्ध होता. एवढ्यात चाळीस सेकंद गेली. दोन मिनिटांतली चाळीस, म्हणजे तिसरा हिस्सा, आणि पुस्तक अजून उघडलेलंच नाही. लेखकाची माहिती वाईट नसते, पण ती पुस्तक न वाचताही देता येते, आणि समोर बसलेल्या मुलांना हे पक्कं ठाऊक असतं.

उरलेला मसुदा म्हणजे स्थानकांची यादी होती. मग तो सुएझला गेला, मग मुंबईला, मग तिथून पुढे. 'मग' हा शब्द मी मोजला, एकवीस वेळा आला होता. त्यातच एक वाक्य असं होतं: 'ते फुग्यात बसून उंच डोंगरांवरून गेले.'

मी विचारलं, "फुगा कुठल्या प्रकरणात आहे गं?"

ती गप्प. मग म्हणाली, "बाई, मुखपृष्ठावर आहे."

खरं तर या पुस्तकात फुगा नाहीच. फॉग आगगाडीनं जातो, बोटीनं जातो, हत्तीवर बसतो, बर्फावरून शिडाच्या घसरगाडीनं जातो, पण फुग्यात बसत नाही. अटलांटिक ओलांडायला बोट मिळत नाही तेव्हा फुग्याचा उल्लेख येतो, तोही कामाचा नाही म्हणून सोडून देण्यापुरता. फुगा घातला १९५६ च्या चित्रपटानं, आणि तेव्हापासून तो मुखपृष्ठांवर तरंगतो आहे. मुलानं पुस्तक वाचलंय की नुसतं पाहिलंय हे ओळखायला या पुस्तकाइतकं सोयीचं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. फुगा आला की समजावं.

तिनं निम्मं वाचलं होतं. उरलेलं एका संक्षिप्त आवृत्तीतून आणि मोठ्या भावाकडून ऐकून. मी रागावले नाही, कारण रागावून पुस्तक वाचून होत नाही. भाषण बाजूला ठेवलं आणि तिला चार दिवस दिले. काम एकच: पूर्ण वाच, आणि जिथे हसू येईल किंवा थांबावंसं वाटेल तिथे कागदाचा कपटा घाल. सारांश लिहायचा नाही, टिपणं काढायची नाहीत.

चार दिवसांनी पुस्तकात नऊ कपटे होते. पहिलाच होता पासपार्तूच्या दिव्याचा. पासपार्तू हा फॉगचा नवा नोकर. घाईघाईनं निघताना तो आपल्या खोलीतला गॅसचा दिवा विझवायला विसरतो, गाडीत बसल्यावर त्याला आठवतं, आणि फॉग शांतपणे सांगतो की दिवा जळेल तो तुझ्या खर्चानं. ही गोष्ट सांगताना ती हसत होती. पहिल्या मसुद्यात ती एकदाही हसली नव्हती.

आता खरं काम होतं काय ठेवायचं ते ठरवण्याचं. मंचावर आमची मुलं मिनिटाला शंभर ते एकशे दहा शब्द बोलतात. मराठीत एकेका शब्दाला दोन-दोन प्रत्यय लागलेले असतात, त्यामुळे याहून वेगानं बोललं की मागच्या रांगेत नुसता आवाज पोचतो. दोन मिनिटांत दोनशे शब्द, त्यात श्वास आणि एखादा हशा. सदतीस प्रकरणांचं पुस्तक दोनशे शब्दांत सांगायचं तर प्रकरणामागे साडेपाच शब्द येतात. म्हणजे सगळ्या प्रकरणांतून थोडं थोडं घेण्याचा मार्ग पहिल्याच हिशोबात बंद होतो. पुस्तकातलं एकच सूत धरायचं आणि त्याला जे चिकटेल तेवढंच घ्यायचं.

कुठलं सूत? तिचं पहिलं उत्तर होतं 'प्रवास'. पण प्रवास धरला की स्थानकं येतात आणि 'मग' परत येतो. मी विचारलं, या माणसाच्या हातात सारखं काय असतं? ती म्हणाली, घड्याळ. आणि वही, त्यात तो किती तास मिळाले आणि किती गेले ते लिहितो. झालं. घड्याळ.

एकदा हे ठरल्यावर वाद सोपे झाले. सुएझ गेलं. चीन-जपानमधली सगळी गडबड गेली, अमेरिकेतला गाडीवरचा हल्ला गेला, जरी तिच्या भावाला तोच सगळ्यात आवडला होता. दिवाही गेला, आणि तो काढताना तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. गुप्तहेर फिक्स राहिला, पण त्याचं नाव गेलं. दोन मिनिटांत ऐकणाऱ्याच्या डोक्यात दोन, फार तर तीन परकी नावं टिकतात. चौथं आलं की पहिलं कोण होतं ते लोक शोधू लागतात आणि तेवढ्यात तुमची दोन वाक्यं निसटतात.

औदाबद्दल मात्र आमचं जमेना. मुंबईहून कलकत्त्याकडे जाताना रेल्वेमार्ग मधेच संपतो, फॉग दोन हजार पौंडांना हत्ती विकत घेतो, आणि जंगलात सती दिल्या जाणाऱ्या एका तरुण विधवेला ही मंडळी सोडवतात. मला वाटत होतं, हे वाक्याभरात मावणार नाही, सोडून दे. ती ऐकेना. मग तिनंच पुस्तक उघडून तो कपटा दाखवला. फॉग तिथे म्हणतो की माझ्याकडे बारा तास शिल्लक आहेत, ते मी या कामाला देऊ शकतो. म्हणजे हाही प्रसंग घड्याळाचाच होता! सबंध पुस्तकभर वेळ वाचवणारा माणूस इथे तो पहिल्यांदा दुसऱ्यासाठी खर्चतो. हे मला दिसलं नव्हतं, तिला दिसलं होतं. औदा राहिली.

उरला शेवट. ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही आणि वाचायचं आहे, त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळावेत.

फॉगला २१ डिसेंबरला रात्री पावणेनऊला क्लबात पोचायचं असतं. लंडनच्या स्टेशनवर उतरतो तेव्हा घड्याळात नऊला दहा मिनिटं कमी असतात. पाच मिनिटं उशीर, पैज हरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पासपार्तू फॉग आणि औदाच्या लग्नाची वेळ ठरवायला पाद्र्याकडे जातो आणि कळतं, आज रविवार नाही, शनिवार आहे. फॉग सबंध प्रवासात पूर्वेकडे जात होता. पूर्वेला एक रेखांश सरकलं की दिवस चार मिनिटं आधी उजाडतो. ३६० रेखांशांचे १४४० मिनिटं, म्हणजे बरोबर चोवीस तास. फॉगनं ऐंशी सूर्योदय पाहिले, लंडननं तेवढ्यात एकोणऐंशी पाहिले. तो एक दिवस आधी पोचला होता आणि ते त्याला ठाऊक नव्हतं.

हे भाषणात सांगायचं का? सारांशात शेवट असतो, परीक्षेच्या वहीत तो नसेल तर मी स्वतः गुण कापते. पण वाचनदिनाला समोर बसलेल्या दोनशे मुलांपैकी फारच थोड्यांनी हे पुस्तक वाचलेलं असतं, आणि हा शेवट एकदा कळला की पुन्हा न कळलेला होत नाही. दुसरीकडे, 'पुढे काय झालं ते पुस्तकातच वाचा' हे वाक्य मला सहन होत नाही. दर वर्षी वीस मुलं ते म्हणतात, आणि त्यातल्या निम्म्यांना पुढे काय झालं ते खरोखरच माहीत नसतं. मी तिला एक कसोटी दिली: शेवटचं वाक्य असं हवं, की अर्धं पुस्तक वाचलेल्याला ते सुचूच नये.

ती दोन दिवसांनी पासपार्तूचं घड्याळ घेऊन आली. पासपार्तूकडे पणजोबांपासून आलेलं एक खिशातलं घड्याळ असतं. सुएझला फिक्स त्याला सांगतो की ते दोन तास मागे आहे, इथल्या वेळेला लाव. पासपार्तू ऐकत नाही, ते लंडनच्याच वेळेवर ठेवतो. अर्ध्या जगापलीकडे ते बोटीवरच्या घड्याळाशी जुळतं तेव्हा तो खूष होतो, आणि व्हर्न तिथे हळूच सांगून जातो की तबकडीवर चोवीस तास असते तर त्याला कळलं असतं की आपलं घड्याळ सकाळचे नव्हे, रात्रीचे नऊ दाखवतंय. सगळा शेवट त्या तबकडीत आधीच लपलेला. हे शेवट वाचून मागे फिरलेल्यालाच दिसतं.

मग हे भाषण तयार झालं:

"बुधवार, २ ऑक्टोबर १८७२. लंडनच्या एका क्लबात पत्ते खेळता खेळता एक माणूस म्हणतो, मी ऐंशी दिवसांत पृथ्वीला फेरी मारून येतो. पैज लागते वीस हजार पौंडांची, आणि तो त्याच रात्री निघतो.

त्याचं नाव फिलिअस फॉग. हा माणूस घड्याळासारखा जगतो. दाढीचं पाणी दोन अंश थंड आलं म्हणून त्यानं नोकर काढून टाकला आहे. नवा नोकर पासपार्तू. त्याला शांत घरातली नोकरी हवी होती, आणि पहिल्याच दिवशी त्याला जगभर पळावं लागतं!

फॉग वहीत हिशोब ठेवतो, किती तास मिळाले, किती गेले. मुंबईला तो दोन दिवस आधी पोचतो. पण पुढे रेल्वेचे रूळच संपतात. मग तो हत्ती विकत घेतो. जंगलात औदा नावाच्या एका तरुण विधवेला जबरदस्तीनं सती देत असतात. फॉग म्हणतो, माझ्याकडे बारा तास शिल्लक आहेत. ते तो तिच्यासाठी खर्च करतो. या घड्याळात एक माणूस आहे, हे मला इथे कळलं.

पुढे वादळं, बर्फ, आणि मागे एक गुप्तहेर. त्याला वाटतं, फॉगनंच बँक लुटली आहे.

फॉग लंडनला पोचतो. पोचायचं होतं पावणेनऊला. स्टेशनच्या घड्याळात नऊला दहा कमी. पाच मिनिटं उशीर. पैज हरली.

पण पानं अजून उरली आहेत. फॉगनं सगळं मोजलं होतं, एक गोष्ट सोडून. पासपार्तूनं आपलं घड्याळ प्रवासभर एकदाही बदललं नाही, आणि ते दोघं सारखे पूर्वेकडे जात होते. हे दोन धागे मी तुमच्या हातात देते. गाठ पुस्तकात आहे."

घरच्या सरावात हे एक मिनिट पंचावन्न सेकंदांत बसलं. पाच सेकंद शिल्लक म्हणजे काहीच नाही, माइक खाली-वर करण्यातच तेवढी जातात. म्हणून हत्तीच्या वाक्यावर आणि गुप्तहेराच्या परिच्छेदावर आम्ही पेन्सिलीनं कंस काढले. पहिली घंटा लवकर वाजल्यासारखी वाटली तर हे गाळायचं, आणि गाळल्यावरही अर्थ जुळतो का ते दोनदा म्हणून पाहायचं. पाठ करायचं फक्त पहिलं आणि शेवटचं परिच्छेदभर. मधलं चार खुंट्यांवर टांगायचं: नोकर, वही, बारा तास, पाच मिनिटं. सगळं शब्दशः पाठ केलेलं मूल एका शब्दावर अडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पाठांतर करूच देत नाही. 'पासपार्तू' म्हणताना ती सुरुवातीला प्रत्येक वेळी अडखळायची, तेव्हा दिवसभर घरातल्या सगळ्यांना तिनं पासपार्तू म्हणून हाका मारल्या.

आदल्या दिवशी माझ्याकडून एक चूक झाली. भाषण छान बसलं होतं, हात तेवढे अंगाला चिकटलेले होते. मी म्हटलं, पूर्वेकडे म्हणताना नकाशावर हात फिरव. वर्गात जगाचा नकाशा होता, तिच्या समोरच्या भिंतीवर. तिनं उजवीकडे हात फिरवला, सुरेख दिसला.

वाचनदिनाला नकाशा मंचावर तिच्या पाठीमागे टांगलेला होता.

माइकची उंची कमी करण्यात बारा सेकंद गेली. तिनं ते ओळखलं आणि हत्ती शांतपणे गाळला. दाढीच्या पाण्यावर हशा आला, बारा तासांवर सभागृह गप्प झालं. पहिली घंटा 'पैज हरली'च्या आधी वाजली तरी ती दचकली नाही. शेवटच्या परिच्छेदात तिनं हात उचलला, उजवीकडे नेला, क्षणभर मागच्या नकाशाकडे वळून पाहिलं, हात थबकला, आणि तोंडून आलं, "ते दोघं सारखे पश्चिमेकडे जात होते."

टाळ्या पडल्या. बहुतेकांना काही कळलं नाही. मला कळलं, आणि खाली उतरेपर्यंत तिलाही. नवा हातवारा आदल्या दिवशी द्यायचा नसतो, आणि दिलाच तर मुलाला मंचावर नेऊन तिथल्या दिशांसकट द्यायचा असतो. सगळं भाषण ज्या एका शब्दावर उभं होतं त्यालाच मी हात लावला होता.

परीक्षकांपैकी एकांनी शेवट सांगितला नाही म्हणून तिचे गुण कापले. शेऱ्यात लिहिलं होतं, 'सारांश अपूर्ण'. मला ते पटलं नाही, पण त्यांची बाजू अगदीच खोटी म्हणता येणार नाही. नियमांत 'सारांश' असंच छापलेलं होतं, 'ओळख' असं नव्हतं. पुढच्या वर्षी तो शब्द आधीच ठरवून घ्यायला हवा, आणि मुलांना तो भाषण लिहिण्यापूर्वी सांगायला हवा.

तिला बक्षीस मिळालं नाही. तिला त्याचं फार नव्हतं, पश्चिमेचं होतं. दोन दिवस ती मला टाळत होती.

आठवड्यानं पाचवीतला एक मुलगा पुस्तक हातात घेऊन शिक्षक-खोलीच्या दारात उभा राहिला. मला वाटलं परत करायला आला असेल. त्याला ती हवी होती. मी तिला बोलावून घेतलं.

"ताई, तू पश्चिमेकडे म्हणालीस. पश्चिमेकडे गेला असता तर तो एक दिवस उशिरा आला असता."

"माहितीये," ती म्हणाली. "चुकलं माझं."

"ते जाऊ दे. हे बघ." त्यानं शेवटचं प्रकरण उघडलं. फॉग उरलेले पैसे वाटून देतो, पण पासपार्तूच्या वाट्यातून जळत राहिलेल्या दिव्याच्या गॅसचे पैसे कापतो. एक हजार नऊशे वीस तासांचे. "दिवा तर घरी आल्या आल्या विझवला ना त्यानं? म्हणजे ऐंशी दिवस कुठे झाले?"

तिनं माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली आणि पुस्तकातल्या एका कपट्यावर ७९ गुणिले २४ मांडलं. १८९६ आलं. तिनं पुन्हा एकदा मांडलं.

"बाई," ती म्हणाली, "चोवीस तासांचे पैसे जास्त कापलेत."